नोकरी सोडताना डीबीएने हँडओव्हर नोटमध्ये काय लिहावं?

प्रश्न: सहा वर्षं एकटाच डीबीए आहे. लिनक्सवर पोस्टग्रेस. नोटीस पिरियडचे पाच आठवडे उरलेत, नवा माणूस दोन आठवड्यांनी येतोय. हँडओव्हर नोट चाळीस पानांची झालीय. सगळी टेबलं, सगळे क्रॉन जॉब, सर्व्हरची माहिती, सगळं आहे. तरी वाटतंय की जे खरं सांगायचं ते यात नाहीच. कुठले जॉब नाजूक आहेत हे कसं ठरवू आणि कसं लिहू?

उत्तर:

तुमचं वाटणं बरोबर आहे. त्या चाळीसपैकी तीसेक पानं बिनधास्त काढून टाका. टेबलांची यादी डेटाबेस स्वतःच देतो, सर्व्हरची रॅम आणि डिस्क दोन कमांडींत कळते, आणि क्रॉनमधल्या ओळी नवा माणूस पहिल्याच दिवशी बघणार आहे. ही माहिती लिहून ठेवली की ती शिळी होते, एवढाच तिचा परिणाम.

नोट लिहिताना मी एक माणूस डोळ्यासमोर ठेवतो. सकाळचे सहा वाजलेत, एका हातात फोन आहे, पलीकडून अकाउंट्सचे साहेब विचारतायत की फाइल का नाही आली, आणि तुम्ही या कंपनीत नाही. जॉब काय करतो हे त्याला स्क्रिप्ट उघडली की कळेल. तो अडला तर कोणाचं काय थांबतं, पुन्हा चालवला तर चालेल का, आणि त्यातली जी गोष्ट विचित्र दिसते ती चुकून तशी राहिलीय की मुद्दाम केलीय, हे स्क्रिप्टमध्ये नसतं. ते फक्त तुमच्या डोक्यात आहे.

हे मला कसं कळलं ते सांगतो, कारण चूक माझीच होती.

पूर्वी मी एका दूध संघाकडे होतो. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी निघतं: १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. गावोगावच्या संकलन केंद्रांवरून सकाळ-संध्याकाळचं दूध, फॅट, एसएनएफ असा डेटा यायचा. संध्याकाळचं संकलन साडेसात-आठला संपलं तरी डोंगरातल्या केंद्रांचा डेटा रेंज मिळेल तसा, रात्री दहा-अकरापर्यंत येत राहायचा. म्हणून बिलाचा जॉब रात्री दोनला ठेवलेला. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर होतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. क्रॉनमध्ये हे असं होतं:

```
30 20 10,20 * *  /opt/bill/run.sh
30 20 28-31 * *  [ "$(date -d tomorrow +\%d)" = 01 ] && /opt/bill/run.sh
```

यूटीसीचे साडेआठ म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे दोन, आणि आपल्याकडे तारीख बदलून ११ झालेली असते. सर्व्हरच्या लेखी मात्र अजून १० तारीखच असते, आणि बिल कुठपर्यंतचं काढायचं हे स्क्रिप्ट त्याच तारखेवरून ठरवते. दुसऱ्या ओळीतली करामत महिनाअखेरीसाठी आहे. ‘महिन्याचा शेवटचा दिवस’ असं क्रॉनला थेट सांगता येत नाही, म्हणून २८ ते ३१ रोज उठायचं आणि उद्या १ तारीख असेल तरच काम करायचं. (तो `%` च्या आधीचा उलटा तिरपा काढला तर क्रॉन तिथंच ओळ तोडतो. हीसुद्धा नोटमध्ये लिहायची गोष्ट.)

माझ्या नोटमध्ये या जॉबबद्दल एक ओळ होती: ‘बिलिंग, दर दहा दिवसांनी, रात्री २ वाजता, क्रॉनमधून.’ त्यात एक शब्द खोटा नव्हता.

माझ्यानंतर आलेला मुलगा हुशार होता. स्क्रिप्टचे लॉग साडेपाच तास मागे दिसतात म्हणून वैतागला आणि त्यानं सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळेवर आणलं. कोणीही आणलं असतं. त्या दिवशी काहीच झालं नाही, कारण आधीपासून चालू असलेला क्रॉन पुन्हा सुरू करेपर्यंत जुन्याच वेळेवर चालत राहतो. डेटाबेसची वेळ तर `postgresql.conf` मधल्या स्वतःच्या सेटिंगवर असते, त्यामुळे तिथंही काही हललं नाही. मग यूपीएसच्या कामासाठी सर्व्हर बंद करून चालू केला, आणि त्यानंतरचं बिल १० तारखेला आपल्या घड्याळाने संध्याकाळी साडेआठला निघालं.

एरर आली नाही. स्क्रिप्टनं तारीख बघितली, १० आहे, १ ते १० चं बिल काढलं. ज्या केंद्रांचा संध्याकाळचा डेटा तोवर आला नव्हता त्यांचं त्या वेळचं दूध बिलात धरलंच गेलं नाही. पुढच्या बिलातही ते येणार नव्हतं, कारण ते ११ पासून सुरू होतं. एकूण रक्कम किंचित कमी, पण दहा दिवसांतली एक पाळी काही केंद्रांची गेली तर एकूण आकड्यात ती दिसतही नाही. तीन दिवसांनी पैसे खात्यात पडल्यावर एका गावच्या सोसायटीच्या सचिवांचा फोन आला, ‘साहेब, आमचं दहा तारखेचं सांजचं दूध कुठं गेलं?’ मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. पुरवणी बिल काढून निस्तरलं, पण बोलणी त्या पोराला खावी लागली. त्यानं मला फोन करून एवढंच विचारलं, ‘सर, वेळ मुद्दाम यूटीसी ठेवली होती का?’ हो, मुद्दाम ठेवली होती, आणि ते मी कुठंच लिहिलं नव्हतं.

आज तीच नोंद मी अशी लिहीन:

> दूध बिल. आपल्या वेळेने ११, २१ आणि १ तारखेला रात्री २ वाजता. सर्व्हर मुद्दाम यूटीसीवर आहे. जॉब चालताना सर्व्हरची तारीख आदल्या दिवसाची असावी लागते, बिलाचा शेवटचा दिवस तिच्यावरून ठरतो. घड्याळ बदलायचं असेल तर क्रॉनच्या दोन्ही ओळी आणि `run.sh` मधली तारीख एकाच वेळी बदला.
> आधी काय लागतं: सगळ्या केंद्रांचा संध्याकाळचा डेटा. रात्री ११ पर्यंत येतो, पावसाळ्यात १२.
> नीट झालं हे कसं ओळखायचं: शेवटच्या संध्याकाळी डेटा आलेली केंद्रं मोजा, आदल्या संध्याकाळशी ताडा. पाच-सातपेक्षा जास्त फरक असेल तर बँकेची फाइल पाठवू नका.
> नाही झालं तर: सकाळी ११ पर्यंत वेळ आहे, तेव्हा बँकेची फाइल जाते. तोवर कोणाला काही कळत नाही, घाबरू नका.
> पुन्हा चालवता येतं का: अर्धवट थांबला असेल तर नाही. आधी खालची नोंद वाचा.

शेवटचा मुद्दा जरा उलगडून सांगतो, कारण नाजूक जॉब ओळखायची माझी पहिली कसोटी तीच आहे: हा जॉब दोनदा चालला तर काय होईल? रिपोर्टचा जॉब दोनदा चालला तर तीच फाइल पुन्हा बनते, बिघडत काही नाही. त्याला नोटमध्ये एक ओळ बस. बिलाचा जॉब तीन पायऱ्यांचा होता: आधी रक्कम काढायची, मग पशुखाद्य आणि उचल यांची कपात करून उत्पादकाची बाकी कमी करायची, आणि शेवटी बँकेची फाइल. दुसऱ्या पायरीनंतर तो पडला आणि कोणी घाईत पहिल्यापासून चालवला, तर कपात दोनदा होते. एखाद्याच्या अडीच हजाराच्या बिलातून पाचशेचा पशुखाद्याचा हप्ता दोनदा गेला, तर त्याच्या हातात दोन हजाराऐवजी दीड हजार पडतात, आणि त्याच्या नावावरच्या बाकीचा आकडाही चुकीचा बसतो. म्हणून नोटमध्ये लिहायचं की कुठल्या टेबलात कुठली नोंद दिसली म्हणजे कपात झालेली आहे, आणि ती दिसली तर तिसरीच पायरी कुठल्या कमांडने चालवायची. ती कमांड पूर्ण द्या, नुसतं ‘फाइलवाली स्क्रिप्ट चालवा’ असं नको.

तुम्ही म्हणाल, मग स्क्रिप्टच दुरुस्त करून जातो ना. पाच आठवडे आहेत तर पहिल्या दोन-तीनात जरूर करा. शेवटच्या दोन आठवड्यांत मात्र काहीही बदलू नका. जाता जाता केलेली दुरुस्ती बिघडली तर ती निस्तरायला तुम्ही नसता, आणि नव्या माणसाला जुनं कसं होतं हेही माहीत नसतं. तेव्हा फक्त लिहा.

दुसरी कसोटी अशी की जॉब थांबला हे कळायला किती वेळ लागतो? बिल थांबलं तर सकाळी अकराला कळतं. काही गोष्टी मात्र कित्येक दिवस गप्प राहतात आणि मग एकदम सगळंच बंद पाडतात. पोस्टग्रेसमध्ये याचं ठळक उदाहरण म्हणजे रेप्लिकेशन स्लॉट. रिपोर्टसाठी वेगळा सर्व्हर असेल आणि तो स्लॉटवरून डेटा घेत असेल, तर तो सर्व्हर बंद पडल्यावर मुख्य सर्व्हर त्याच्यासाठी वॉलच्या फाइली जपून ठेवतो. डिस्क भरेपर्यंत ठेवत राहतो. `pg_wal` ची डिस्क पूर्ण भरली की डेटाबेस थांबतो. रिपोर्टचा सर्व्हर बंद आहे याची दिवाळीच्या सुट्टीत कोणी तक्रारही करत नाही.

आमच्याकडे दिवसाला साधारण सहा जीबी वॉल तयार व्हायचा आणि मोकळी जागा चाळीस जीबी. म्हणजे सहा दिवस, फार तर साडेसहा. हा आकडा तुमच्या सर्व्हरचा काढा आणि नोटमध्ये लिहा. किती साठलंय ते असं दिसतं:

```
select slot_name, active,
  pg_size_pretty(pg_wal_lsn_diff(
    pg_current_wal_lsn(), restart_lsn)) as sathlela
from pg_replication_slots;
```

`active` मध्ये `f` आणि शेजारचा आकडा रोज वाढतोय, म्हणजे दिवस मोजायला लागा. आवृत्ती १३ पासून `max_slot_wal_keep_size` ने या साठ्याला मर्यादा घालता येते. ती घातली असेल तर तेही लिहा, कारण मग मर्यादा ओलांडल्यावर डेटाबेस वाचतो पण रिपोर्टचा सर्व्हर पुन्हा उभारावा लागतो.

इथं बहुतेक नोटांमध्ये एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे अधिकार. जागा संपत आली की स्लॉट काढून टाकणं हाच योग्य उपाय, पण नवीन आलेला माणूस ते करायला धजावत नाही. आपल्यामुळे रिपोर्ट बंद पडले तर काय, या भीतीनं तो वाट बघत बसतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे `pg_wal` मध्ये शिरून हातानं फाइली उडवतो, आणि मग डेटाबेस उठतच नाही. म्हणून मॅनेजरशी आधी बोलून घ्या आणि सरळ लिहा: ‘मोकळी जागा दहा जीबीच्या खाली गेली तर कोणालाही न विचारता `select pg_drop_replication_slot('mis_slot');` चालवा. रिपोर्ट एक दिवस मिळणार नाहीत, ते चालतं, मॅनेजरांना मान्य आहे. `pg_wal` मधल्या फाइलींना हात लावू नका.’ रिपोर्टचा सर्व्हर नंतर `pg_basebackup` ने पुन्हा उभा करता येतो. त्याला किती तास लागतात तेही टाका.

यादीत कधीच न येणारा तिसरा प्रकार म्हणजे तुम्ही स्वतः. सहा वर्षं एकटे आहात म्हणजे अशी काही कामं असणारच, जी कुठल्याच क्रॉनमध्ये नाहीत कारण ती तुम्ही सवयीनं हातानं करता. मी दर सोमवारी सकाळी चहाच्या आधी `pg_stat_activity` बघायचो आणि काट्यावरच्या जुन्या सॉफ्टवेअरचं शनिवारपासून `idle in transaction` अवस्थेत पडलेलं एखादं सेशन तोडायचो. तो व्यवहार उघडा राहिला की व्हॅक्यूमला मधल्या काळातल्या मेलेल्या ओळी काढता येत नाहीत, टेबलं फुगतात आणि बुधवारपर्यंत सगळं सुस्त होतं. पाच वर्षं हे केलं, पण ‘हा एक जॉब आहे’ असं डोक्यातही आलं नाही. अशी कामं आठवून सापडत नाहीत. `.psql_history` आणि `.bash_history` उघडा, पुन्हा पुन्हा आलेल्या कमांडी बघा. मग वर्षभरातले रात्री-बेरात्रीचे फोन आणि व्हॉट्सॲपचे मेसेज चाळा. माझ्या शेवटच्या नोटमधल्या निम्म्या नोंदी तिथूनच आल्या.

आणि कॅलेंडर घेऊन वर्षातले तिरपागडे दिवस बघा. आमच्याकडे बिलाची रक्कम आधीच्या बिलाच्या ८५ टक्क्यांखाली गेली तर धोक्याचा मेल यायचा. फेब्रुवारीचं शेवटचं बिल आठच दिवसांचं, म्हणजे साधारण ८० टक्के. त्यामुळे १ मार्चला तो मेल यायचाच, आणि लीप वर्षी नऊ दिवस असल्यामुळे यायचा नाही. ज्याला माहीत नाही तो १ मार्चची पहाट बिघाड शोधण्यात घालवणार. ३१ मार्च तर सगळ्यांनाच आठवतो, त्यावर वेगळं लिहीत नाही.

आता तुमच्या नावाचं काय. तुम्ही गेलात की एचआर तुमचं खातं बंद करणार, आणि त्या खात्याखाली चालणारे क्रॉन जॉब त्याच दिवशी मरणार. हे कागदावर शोधत बसण्यापेक्षा तुम्ही खुर्चीत असतानाच करून बघा. आधी दुसऱ्या ॲडमिन खात्यानं आत जाता येतंय याची खात्री करा आणि मगच:

```
alter role tumche_nav nologin;   -- डेटाबेसमध्ये
sudo chage -E 1 tumche_nav       # लिनक्सवर
```

पहिल्या ओळीनं आधीपासून जोडलेली सेशन तुटत नाहीत, म्हणून तुमच्या नावाची उरलेली सेशन बघून तीही तोडा, नाहीतर सगळं ठीक आहे असा भास होईल. दुसऱ्या ओळीनं खात्याची मुदत संपते. परत चालू करायला `-E -1`. निदान एक पूर्ण बिलचक्र, तुमच्याकडे जे काही सर्वांत लांबचं नियमित चक्र असेल ते, असंच जाऊ द्या. जे पडेल ते नोटमध्ये लिहा आणि दुसऱ्या खात्यावर हलवा. डेटाबेसमधली टेबलं तुमच्या नावावर असतील तर तुमचा रोल काढताच येणार नाही, त्याआधी `reassign owned by` लागेल. धोक्याचे मेल कोणाच्या पत्त्यावर येतात हेही या वेळी कळतं. माझे माझ्याच पत्त्यावर यायचे.

पासवर्ड नोटमध्ये लिहू नका, कुठं ठेवलेत आणि कोणाकडून मिळतील एवढं लिहा. बॅकअपबद्दल मी एकच आकडा लिहितो: शेवटचा रिस्टोअर कधी करून पाहिला आणि त्याला किती वेळ लागला. केलेला नसेल तर नव्या माणसाबरोबर करा, ओळखीचं पहिलं काम म्हणून ते उत्तम आहे.

यातलं काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. बँक किंवा तसल्या ठिकाणी असाल तर खातं बंद करून बघणं वगैरे रीतसर मंजुरी घेऊनच करावं लागेल, आणि त्याला आठवडा जातो, तेव्हा अर्ज आजच टाका. दोन आठवड्यांनी येणारा माणूस आलाच नाही (असं होतं, ऑफर घेऊन दुसरीकडे जातात), तर नोट एखादा डेव्हलपर किंवा सिस्टिमवाला वाचणार. त्याच्यासाठी तिन्ही प्रकारच्या नाजूक जॉबांच्या कमांडी शब्दशः द्या आणि कुठल्या क्षणी थांबून बाहेरच्या माणसाला बोलवायचं तेही लिहा.

तो आला तर त्याला नोट वाचायला देऊन समोर बसवू नका. पहिलं चक्र तुम्ही चालवा, त्यानं बघावं. दुसरं त्यानं नोट बघून चालवावं आणि तुम्ही शेजारी हात बांधून बसा. तो जिथं अडेल आणि तुमच्याकडे बघेल, तिथं नोटमध्ये भोक आहे. तोंडी उत्तर देऊ नका, आधी नोटमध्ये वाक्य घाला आणि मग ते त्याला वाचायला सांगा. मी हे केलं तेव्हा एका चक्रात अकरा वाक्यं वाढली, त्यातली दोन अशी की ती नसती तर महिन्याभरात मला फोन आलाच असता.

आणि कुठं कोपऱ्यात एखादा ऑरॅकलही सांभाळत असाल, तर स्लॉटच्या जागी आर्काइव्ह लॉगची जागा धरा. ती भरली की तिथंही डेटाबेस अडतो, स्क्रीनवर `ORA-00257` दिसतं. किती दिवसांत भरते आणि काय काढायची परवानगी आहे, तीच दोन वाक्यं त्यालाही लागतील.